हवा मध्ये आली की चेंडू कुठे पडतो

ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने, जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून एक चेंडू वर फेकला आहे असे समजू. सेकंदाच्या हिशेबात हा वेग २७.७ मीटर होतो. त्याचे आडवा आणि उभा असे दोन भाग केले, तर प्रत्येक भाग १९.६ मीटर प्रतिसेकंद भरतो. अकरावीच्या पुस्तकातले गणित सांगते की हा चेंडू २ सेकंद वर चढेल, २ सेकंद खाली येईल, १९.६ मीटर उंची गाठेल आणि ७८.४ मीटरवर पडेल. जाताना आणि येताना त्याचा मार्ग अगदी सारखा असेल, आणि ज्या कोनात तो निघाला त्याच कोनात जमिनीला टेकेल.

हे सगळे हवा नसताना. गॅलिलिओने १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात प्रक्षेपकाचा मार्ग पॅराबोला असतो हे सिद्ध केले, तेव्हा हवा हा मार्ग बिघडवते याची त्याला पूर्ण जाणीव होती. पण किती बिघडवते, हे मोजायला लागणारे गणित त्या वेळी कोणाकडेच नव्हते. ते पुढच्या पन्नास वर्षांत तयार झाले. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चा दुसरा खंड सुरू होतो तोच या प्रश्नाने: माध्यमाचा रोध वस्तूच्या वेगाच्या प्रमाणात असेल, तर तिची गती कशी असेल? वेग दुप्पट झाला की रोधही दुप्पट, तिप्पट झाला की तिप्पट, इतका साधा नियम. यालाच एकघाती रोध म्हणतात.

हा नियम न्यूटनने पहिल्यांदा का घेतला, ते चेंडूवरच गणित करून पाहिले की लक्षात येते. त्यासाठी एकच आकडा ठरवावा लागतो. उंचावरून नुसती सोडून दिलेली वस्तू हवेत कायम वेग वाढवत राहत नाही. वेग वाढतो तसा रोध वाढतो, आणि एका क्षणी रोध वजनाइतका होतो. तिथून पुढे वेग स्थिर राहतो. हा तिचा अंत्य वेग, म्हणजेच टर्मिनल व्हेलॉसिटी. आपल्या चेंडूचा अंत्य वेग ३९.२ मीटर प्रतिसेकंद आहे असे धरू. हा आकडा मनचा नाही. क्रिकेटच्या चेंडूचा अंत्य वेग साधारण याच आसपास येतो.

अंत्य वेगाला गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने भागले की ४ सेकंद येतात. हा काळ म्हणजे या गणिताचे घड्याळ आहे. त्याला कालस्थिरांक म्हणतात आणि τ या ग्रीक अक्षराने लिहितात. पुढच्या प्रत्येक सूत्रात तो भेटेल.

आधी आडवी गती घेऊ, कारण ती सोपी आहे. आडव्या दिशेने गुरुत्व काहीच करत नाही, फक्त हवा मागे ओढते. वेग कमी होण्याचा दर वेगाच्याच प्रमाणात आहे:

dvx/dt = −vx/τ

स्वतःच्या प्रमाणात घटणारी राशी नेहमी घातांकी पद्धतीने घटते. म्हणून

vx = 19.6 · e^(−t/4)

दर ४ सेकंदांनी आडवा वेग आधीच्या ३७ टक्क्यांवर येतो. तो पूर्ण शून्य कधीच होत नाही. तरीही त्याने कापलेले अंतर अमर्याद नाही. वरच्या सूत्राचे संकलन केले की आडवे अंतर मिळते:

x = 78.4 · (1 − e^(−t/4))

कंसातली संख्या १ च्या पुढे कधीच जात नाही. म्हणजे चेंडू कितीही खोल दरीच्या काठावरून फेकला आणि कितीही वेळ खाली पडत राहिला, तरी आडव्या दिशेने ७८.४ मीटरच्या पलीकडे तो जाऊच शकत नाही. त्या अंतरावर जणू एक अदृश्य उभी भिंत आहे. मार्ग तिच्या जवळ जवळ जात शेवटी सरळ खाली उतरतो. हवेशिवायचा पल्लाही आपल्या उदाहरणात नेमका ७८.४ मीटर आला होता, पण तो योगायोग आहे. हवेशिवाय उड्डाणाचा काळही ४ सेकंद आणि कालस्थिरांकही ४ सेकंद, म्हणून आकडे जुळले. अंत्य वेग वेगळा घेतला असता तर जुळले नसते.

उभ्या दिशेचे समीकरण जरा अडचणीचे दिसते, कारण तिथे गुरुत्व आणि रोध दोन्ही आहेत:

dvy/dt = −9.8 − vy/4

इथे बहुतेक विद्यार्थी सरळ संकलनाला भिडतात आणि उत्तर काढतात. ते चुकीचे नाही, पण त्यात या नियमाचे खरे सौंदर्य हातातून निसटते. उजव्या बाजूतून १/४ बाहेर काढला, तर उरते −(vy + 39.2)/4. कंसात अंत्य वेग आपोआप येऊन बसला. आता vy + 39.2 हीच एक राशी मानली, तर तिचे समीकरण हुबेहूब आडव्या वेगासारखे होते, आणि उत्तरही तसेच:

vy + 39.2 = 58.8 · e^(−t/4)

या बेरजेचा अर्थ काय? समजा, चेंडू फेकल्या क्षणी त्याच जागेवरून एक लिफ्ट ३९.२ मीटर प्रतिसेकंद या स्थिर वेगाने खाली निघाली, आणि तिच्यातून कोणी चेंडूकडे पाहत आहे. त्याला चेंडूचा उभा वेग ३९.२ ने जास्त दिसेल, म्हणजे सुरुवातीला ५८.८. त्याच्या दृष्टीने हवा सतत ३९.२ च्या वेगाने वर वाहते आहे, आणि ही वर वाहणारी हवा चेंडूचे वजन पूर्णपणे तोलून धरते. त्यामुळे लिफ्टमधल्या माणसाच्या हिशेबातून गुरुत्व नाहीसेच होते. चेंडू सरळ रेषेत वर-पुढे जातो, हळूहळू मंदावतो, आणि आडवे ७८.४ व उभे २३५.२ मीटर कापून जवळजवळ थांबतो. वक्र मार्गाचा सगळा गुंता म्हणजे एक सरळ रेषा आणि एक खाली उतरणारी लिफ्ट, एवढेच.

हे शक्य होते ते रोध एकघाती असल्यामुळेच. दोन वेगांची बेरीज केली की त्यांच्या रोधांचीही बेरीज होते, म्हणून लिफ्टचा वेग आणि चेंडूचा उरलेला वेग वेगळे काढता येतात. त्याच कारणाने आडवी आणि उभी समीकरणे एकमेकांत लुडबुड करत नाहीत. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असता, तर आडव्या दिशेचा रोध काढायलाही एकूण वेग लागला असता, आणि त्या एकूण वेगात उभा वेग असतोच. मग दोन समीकरणे एकमेकांत अडकतात आणि हातावेगळी करता येत नाहीत.

आता चेंडू शिखरावर केव्हा पोहोचतो? तिथे उभा वेग शून्य, म्हणजे e^(−t/4) = 39.2/58.8, म्हणजे दोन-तृतीयांश. दोन्ही बाजूंचा लॉगरिथम घेतला की t = 4 ln 1.5, म्हणजे १.६२ सेकंद येतात. हवेशिवाय २ सेकंद लागले असते. उंचीही १९.६ ऐवजी १४.८ मीटरच गाठली जाते. वर जाताना गुरुत्व आणि हवा दोघेही चेंडूला खाली ओढत असतात, त्यामुळे चढण लवकर संपते.

इथवर सगळे सरळ गेले. खरी अडचण जमिनीवर उतरताना येते.

उंचीचे सूत्र लिफ्टच्या चित्रातून एका ओळीत लिहिता येते. सरळ रेषेत कापलेली उभी उंची, वजा तेवढ्या वेळात लिफ्ट जितकी खाली गेली ते अंतर:

y = 235.2 · (1 − e^(−t/4)) − 39.2 · t

चेंडू जमिनीवर पडतो तेव्हा y शून्य होते. ३९.२ ने भागले की उड्डाणकालाचे, म्हणजे T चे समीकरण उरते:

T = 6 · (1 − e^(−T/4))

दिसायला इतके लहान, पण यातून T बाजूला काढता येत नाही. तो एकदा डावीकडे उघडा बसला आहे आणि एकदा घातांकात. लॉगरिथम घेतला तर घातांकातला T मोकळा होतो, पण दुसरा लॉगरिथमच्या आत जाऊन अडकतो. बीजगणिताची कोणतीही नेहमीची युक्ती इथे चालत नाही. गतीची समीकरणे पूर्णपणे सुटली, तरी ‘किती वेळाने पडेल’ या साध्या प्रश्नाला साध्या सूत्रात उत्तर नाही. या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

पण आकडा मात्र हातच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतो. अंदाजाने एक T घ्यायचा, उजव्या बाजूत घालायचा, जे येईल ते पुन्हा उजव्या बाजूत घालायचे. हवेशिवायचे उत्तर, ४ सेकंद, ही सुरुवात चांगली. त्यातून ३.७९ येतो, त्यातून ३.६८, मग ३.६१, ३.५६, ३.५४. प्रत्येक फेरीत उरलेली चूक साधारण दोन-तृतीयांशापेक्षा थोडी कमी होते, आणि आकडा ३.५० जवळ स्थिरावतो. अचूक सांगायचे तर ३.४९७ सेकंद.

या पद्धतीत दोन ठिकाणी पाय घसरतो. T शून्य ठेवला तरी समीकरण खरे ठरते, कारण चेंडू फेकल्या क्षणीही जमिनीवरच होता. त्यामुळे शून्यापासून सुरुवात करणारा शून्यावरच अडकतो. दुसरी चूक अधिक फसवी आहे. हेच समीकरण उलटे फिरवून T = −4 ln(1 − T/6) असेही लिहिता येते. गणिताच्या दृष्टीने दोन्ही रूपे एकच आहेत. पण दुसऱ्या रूपात ३.४ घातला तर ३.३४ येतो, आणि पुढच्या फेऱ्यांत आकडा घसरत घसरत शून्याकडे जातो. ३.६ घातला तर ३.६७ येतो, मग तो वाढतच जातो, शेवटी ६ ओलांडतो आणि कॅल्क्युलेटर ऋण संख्येचा लॉगरिथम मागितल्याबद्दल एरर दाखवतो. खऱ्या उत्तराच्या अगदी शेजारून निघूनही हे रूप त्यापासून दूरच पळते. म्हणून फेऱ्या करताना लागोपाठच्या दोन उत्तरांतला फरक कमी होतो आहे की वाढतो आहे, यावर नजर ठेवावी लागते. वाढत असेल तर रूप बदलायचे.

गणितज्ञांनी या समीकरणाला एक बंद सूत्रही दिले आहे, पण त्यासाठी नवे फलन वापरावे लागले. w·e^w ही संख्या दिलेली असताना w शोधून देणारे हे फलन योहान हाइनरिश लॅम्बर्ट या अठराव्या शतकातल्या गणितज्ञाच्या नावाने लॅम्बर्ट डब्ल्यू म्हणून ओळखले जाते. आपल्या चेंडूसाठी उत्तर असे होते:

T = 4 · [1.5 + W(−1.5 · e^(−1.5))]

इथे एक गोड गोष्ट घडते. कंसातली संख्या ऋण आहे, आणि अशा संख्येसाठी लॅम्बर्ट फलनाला दोन उत्तरे असतात. एक −१.५, त्यातून T शून्य येतो. दुसरे −०.६२६, त्यातून ३.४९७ सेकंद येतात. एक उत्तर फेकण्याचा क्षण, दुसरे पडण्याचा. संगणकावर हे सूत्र वापरताना मुख्य शाखा निवडायची, नाहीतर चेंडू जागचा हललाच नाही असे उत्तर मिळते.

एकदा T हाती आला की पल्ला सोपा. आडव्या अंतराच्या सूत्रात तो घातला की ४५.७ मीटर येतात. हवेशिवाय ७८.४ होते, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक पल्ला हवेने खाल्ला. उड्डाणाचा काळ मात्र ४ वरून ३.५ सेकंद, म्हणजे फक्त एक-अष्टमांशाने कमी झाला. ही तफावत पाहण्यासारखी आहे. उभ्या दिशेत हवा चढताना चेंडूला लवकर थांबवते, पण उतरताना तीच त्याला सावकाश आणते, त्यामुळे वेळेचा तोटा थोडा भरून निघतो. चढायला १.६२ सेकंद लागले, तर उतरायला १.८८. आडव्या दिशेत अशी भरपाई कुठेच नाही, तिथे हवा पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त घेतच राहते.

जमिनीला टेकताना चेंडूचा आडवा वेग ८.२ आणि उभा १४.७ मीटर प्रतिसेकंद असतो. ४५ अंशांत निघालेला चेंडू ६१ अंशांत खाली येतो. सीमारेषेवर उंच झेल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाला चेंडू डोक्यावरून उभा पडल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हेच.

४५ अंश हा सर्वांत लांब पल्ल्याचा कोनही आता राहत नाही. चेंडू जितका जास्त वेळ हवेत, तितका आडव्या वेगाचा ऱ्हास अधिक, म्हणून थोडे खालून फेकलेले बरे. त्याच वेगासाठी वेगवेगळे कोन घेऊन हिशेब केला, तर सुमारे ३८ अंशांना पल्ला सर्वाधिक, ४७ मीटर मिळतो. ४५ अंशांच्या तुलनेत फायदा जेमतेम सव्वा मीटरचा. शिखरासारख्या कोणत्याही कमाल बिंदूजवळ आलेख सपाट असतो, त्यामुळे सात अंशांची चूकही फारशी महाग पडत नाही.

पुस्तकांत पल्ल्यासाठी एक झटपट सूत्रही दिलेले असते: सुरुवातीचा उभा वेग भागिले अंत्य वेग हे गुणोत्तर काढा, त्याची १.३३ पट १ मधून वजा करा, आणि हवेशिवायच्या पल्ल्याला त्याने गुणा. रोध अगदी कमी असताना हे छान चालते. आपल्या चेंडूचे गुणोत्तर मात्र ०.५ आहे, आणि तिथे हे सूत्र २६ मीटर सांगते, खरे उत्तर ४५.७ असताना. गुणोत्तर विसाव्या भागाइतके लहान असेल तरच त्यावर विसंबावे.

आता नियमाच्या मर्यादेकडे वळायला हवे, कारण ती न सांगता आकडे देणे बरोबर होणार नाही. क्रिकेटचा खरा चेंडू एकघाती नियम पाळत नाही. न्यूटनने स्वतःच त्या प्रकरणाच्या शेवटी लिहून ठेवले आहे की वेगाच्या प्रमाणातला रोध ही निसर्गापेक्षा गणिताची कल्पना अधिक आहे. मोठी आणि वेगवान वस्तू हवेला बाजूला ढकलत जाते, मागे भोवरे सोडते, आणि तेव्हा रोध जवळपास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोणता नियम लावायचा ते रेनॉल्ड्स अंक सांगतो: वेग गुणिले व्यास, भागिले हवेची शुद्धगतिक श्यानता, म्हणजे तिच्या चिकटपणाचे एक माप. हा अंक १ च्या खाली असेल तर एकघाती नियम खरा. आपल्या चेंडूसाठी तो सव्वा लाखाच्या वर जातो. दोन्ही नियमांत अंत्य वेग तोच ठेवला, तर त्याहून कमी वेगाला वर्गाचा रोध एकघाती रोधापेक्षा कमी असतो. म्हणून खरा चेंडू ४६ मीटरच्या बराच पुढे जाईल. चढ-उतारातला फरक, उभे पडणे, ४५ पेक्षा कमी कोन, ही सगळी लक्षणे मात्र त्याच्यातही दिसतात.

एकघाती नियम अक्षरशः खरा ठरतो तो बारीक थेंबांच्या जगात. जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये लहान गोलावरच्या रोधाचे सूत्र मांडले, आणि पिकांवरच्या फवारणीत उडणाऱ्या सर्वांत बारीक थेंबांना ते लागू पडते. ५० मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब घेऊ. त्याचा अंत्य वेग सेकंदाला साडेसात सेंटिमीटर निघतो, आणि कालस्थिरांक ४ सेकंद नव्हे, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पावणेआठ पट. नोझलमधून तो सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा सुटला, तर वरचे भिंतीचे सूत्र त्याला जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर पुढे जाऊ देते. सुटताना त्याचा रेनॉल्ड्स अंक ३० च्या वर असतो, त्यामुळे खरा रोध याहूनही जास्त असतो आणि तो आणखी आधीच थांबतो. पुढे नियम चोख लागू पडतो, पण तोवर पंपाने दिलेला वेग संपलेला असतो.

त्यानंतर थेंब लिफ्टसारखाच स्थिर वेगाने उतरतो. जमिनीपासून एक मीटर उंचीवरून खाली यायला त्याला सुमारे १३ सेकंद लागतात. सेकंदाला २ मीटर इतकी मंद झुळूक असली, तरी तेवढ्या वेळात तो २६ मीटर वाहून जातो, बहुतेकदा शेजारच्या शेतात. व्यास दुप्पट केला, तर अंत्य वेग स्टोक्सच्या सूत्राप्रमाणे चौपट होतो आणि वाहण्याचे अंतर एक-चतुर्थांशावर, साडेसहा मीटरवर येते. १०० मायक्रॉनला पोहोचण्याआधीच रेनॉल्ड्स अंक १ ओलांडतो आणि हा चौपटीचा हिशेब थोडा कमी भरू लागतो. फवारणी यंत्रावर दाब वाढवला की थेंब बारीक होतात. म्हणून वाऱ्याच्या दिवशी औषध पिकावरच पडावे यासाठी दाब कमी ठेवून जाड थेंबांचे नोझल लावतात, आणि बूम जमिनीच्या जितका जवळ आणता येईल तितका आणतात, कारण उतरण्याचे अंतर निम्मे झाले की वाहण्याचे अंतरही निम्मेच होते.